स्क्रीनशॉट, आजीचे गुडघे आणि बाबांची मान: अकरा जणांची तिकिटं कशी काढायची?

(या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय. भागात जो नकाशा मी फक्त तोंडी सांगितला होता, तो इथे काढून दिलाय.)

आजचा विषय ऐकायला अगदी किरकोळ आहे, पण यावरून आमच्या घरात दोन दिवस अबोला झालाय. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी थिएटरच्या सीटांचा स्क्रीनशॉट टाकतं, खाली लिहितं "कुठल्या घेऊ?", आणि मग दहा जणांचे बारा सल्ले येतात. या स्क्रीनशॉटवरून सगळ्या कुटुंबासाठी सीटा निवडायच्या कशा, याबद्दल आज बोलूया.

आधी माझी फजिती सांगते. २०२३ च्या जुलैमध्ये 'बाईपण भारी देवा' लागला होता. आठवत असेल तुम्हाला, बायकांचे घोळकेच्या घोळके नऊवारी-पैठण्या नेसून, गॉगल लावून थिएटरात जात होते. आम्हीही नऊ जणी निघालो. आजी, आई, मावशी, आत्या, दोघी काकू, वहिनी, चुलतबहीण आणि मी. कोणी पनवेलहून, कोणी ऐरोलीहून, आणि भेटायचं वाशी स्टेशनला. मी एका अ‍ॅपवर नकाशा उघडला, मोठा करून स्क्रीनशॉट काढला आणि वहिनीला पाठवला. खाली लिहिलं, "वरच्या दोन ओळी रिकाम्या आहेत, त्या घे."

वहिनीने घेतल्या. पण तिने दुसरं अ‍ॅप उघडलं होतं. माझ्या अ‍ॅपवर पडदा नकाशाच्या खालच्या बाजूला होता, म्हणजे वरच्या ओळी सगळ्यात मागच्या. तिच्या अ‍ॅपवर पडदा वरती काढलेला. वरच्या दोन ओळी तिथेही रिकाम्या होत्याच, कारण त्या पडद्याला चिकटलेल्या होत्या, आणि पहिल्या दोन ओळी सगळ्यात शेवटी भरतात! मी फोटो मोठा करताना पडद्याची पट्टी कापली गेली होती, त्यामुळे तिला कळायला काही मार्गच नव्हता. नऊ जणी, नऊवारीत, पहिल्या दोन ओळींत, माना वर करून. मध्यंतरापर्यंत आईने पदराची गुंडाळी करून मानेखाली घेतली होती.

आजी मात्र खूश. "पहिल्या रांगेची तिकिटं मिळाली की गं!" असं ती सगळ्यांना सांगत होती. आता यात तिचं काही चुकत नव्हतं. ती आयुष्यभर नाटकं बघत आली आहे. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात नाटक असेल तर पुढच्या रांगांची तिकिटं सगळ्यात महाग असतात आणि सगळ्यात आधी जातात, कारण नटाचा चेहरा दिसला पाहिजे. सिनेमात चेहरा पडद्यावरच दोन मजले मोठा असतो, तो जवळून बघायची गरज नसते. त्यामुळे हिशेब बरोबर उलटा होतो. जुन्या एकपडदा थिएटरांत पुढचा स्टॉल स्वस्त आणि बाल्कनी महाग असायची, ती त्याचमुळे. घरात ज्येष्ठ माणूस "पुढचीच घे हं" म्हणालं, तर आधी विचारा की त्यांच्या डोळ्यांसमोर नाटक आहे की सिनेमा.

तर स्क्रीनशॉटमध्ये पहिल्यांदा काय शोधायचं? पडद्याची पट्टी. सीट नाही, रंग नाही, किंमत नाही. ती पट्टी फोटोत नसेल तर तो फोटो परत पाठवायला सांगा. आणि ओळीच्या अक्षरावर भरवसा ठेवू नका. काही थिएटरांत A ओळ पडद्याजवळ असते, काही ठिकाणी A सगळ्यात मागे. मधलं I अक्षर काही जण गाळतात, कारण ते एक आकड्यासारखं दिसतं. म्हणून ओळी पडद्यापासून बोटाने मोजायच्या: पहिली, दुसरी, तिसरी. आणि ग्रुपवर लिहिताना "वरची", "खालची", "शेवटची", "कोपऱ्यातली" हे शब्द पूर्ण बंद. आमच्याकडे आता नियमच आहे, G14 असं लिहायचं, म्हणजे भांडण नाही.

पुढच्या ओळींबद्दल थोडं खोलात जाते, कारण "पुढे नको" सगळेच म्हणतात, पण पुढे म्हणजे किती पुढे? सिनेमागृहांची मानकं ठरवणारी एसएमपीटीई ही अमेरिकेतली संस्था आहे. तिची शिफारस अशी आहे की, बसल्या जागेवरून पडद्याच्या वरच्या कडेकडे बघताना नजर साधारण ३५ अंशांपेक्षा जास्त वर जायला नको. आता एक कल्पनेतला मध्यम हॉल घ्या. पडदा १२ मीटर रुंद, म्हणजे आजकालच्या रुंद चित्राला साधारण ५ मीटर उंच. पहिली ओळ पडद्यापासून ५ मीटरवर, आणि दोन ओळींमध्ये १.१ मीटर. पडद्याची खालची कड आपल्या डोळ्यांच्या पातळीला आहे असं धरा. मग पहिल्या ओळीतून वरची कड ४५ अंशांवर येते. दुसऱ्या ओळीतून ३९, तिसरीतून जेमतेम ३५, चौथीतून ३१. सातव्या ओळीतून २३. पायऱ्यांमुळे मागच्या ओळी उंच होत जातात, त्यामुळे प्रत्यक्षात मागचे आकडे आणखी कमी होतात.

म्हणजे बघा, त्रासाच्या ओळी पाच-सहा नसतात, या हिशेबाने तीन असतात. चौथीपासून धडधाकट माणसाला चालतं. ज्याची मान आधीच दुखते त्याला सहावी-सातवी द्या. आमच्या बाबांना सर्व्हायकल स्पाँडिलायटिसचा त्रास आहे, त्यामुळे आमची रेषा सहाव्या ओळीवर आहे. पडदा मोठा असेल तर ही रेषा आणखी मागे सरकते.

पण सरळ शेवटच्या ओळीत जाऊन बसायचं, हे उत्तर नाही. कारण आजीचे गुडघे. बऱ्याच मल्टिप्लेक्समध्ये दार खाली, पडद्याच्या बाजूला असतं आणि तिथून चढत जायचं. काही ठिकाणी ते मधे किंवा वरती असतं. नकाशावर बहुतेक वेळा दार दाखवलेलंच नसतं. पायऱ्या तर नाहीतच. नकाशा सपाट असतो. मान म्हणते मागे जा, गुडघे म्हणतात पुढे थांब. सगळ्या कुटुंबाची जागा या दोघांच्या मधे कुठेतरी असते, आणि ती बहुतेक वेळा पाचव्या ते आठव्या ओळीच्या आसपास सापडते.

आता गेल्या दिवाळीच्या सुट्टीतलं बुकिंग सांगते. अकरा जण होतो. आजी, आई, बाबा, मावशी, काका, दादा, वहिनी, त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी, माझा नवरा आणि मी. चार वर्षांच्या भाचीलाही तिकीट लागतं. तीन वर्षं आणि त्यापुढच्या मुलांना ते घ्यावंच लागतं. "मांडीवर बसेल" हा हिशेब इथे चालत नाही. रविवारी दुपारचा खेळ होता, आणि गुरुवारी रात्री नकाशा साधारण असा दिसत होता. o म्हणजे रिकामी, x म्हणजे गेलेली. प्रत्येक ओळीत १ ते ४, मग वाट, ५ ते १४, मग पुन्हा वाट, आणि १५ ते १८. उपयोगाच्या ओळीच फक्त दिल्यात.

```
K  xxxx  xxxxxxxxxx  xxxx
J  xxoo  xxxxxxxxxx  oxox
H  xxxx  xxxxoooooo  ooxx
G  xxxx  xxxxxooooo  oooo
C  oooo  oooooooooo  oooo
         SCREEN
```

या थिएटरात A पडद्याजवळ होती आणि I गाळलेली. म्हणजे C तिसरी, G सातवी, H आठवी.

ग्रुपवर पहिला सल्ला काकांचा: "C पूर्ण रिकामी आहे, सगळे एका ओळीत बसू!" एका ओळीत बसणं म्हणजे एकत्र बसणं, असं आपल्याला वाटतं. पण अकरा जण एका ओळीत बसले की पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सहा-सात मीटर अंतर होतं. शिवाय मधल्या भागात दहाच खुर्च्या, म्हणजे अकरावा माणूस वाटेपलीकडे. या टोकाच्या माणसाला त्या टोकाचं कोणी दिसतही नाही, आणि पॉपकॉर्नचा डबा नऊ हातांतून जातो. वर तिसरी ओळ, बाबांची मान. नाही.

दुसरा सल्ला नवऱ्याचा: "G10 ते G18, नऊ सलग आहेत, दोन H मध्ये घेऊ." आकडे सलग आहेत, खुर्च्या नाहीत. १४ आणि १५ च्या मधे येण्याजाण्याची वाट आहे. फोटो छोटा असला की ती फट दिसत नाही, आणि माणूस फसतो. मूल १४ वर आणि आई १५ वर, असं झालं तर मधून लोक नाचोजचे ट्रे घेऊन जात राहणार.

मग आम्ही घेतलं ते असं: G10 ते G14, पाच, आणि त्यांच्या मागे H9 ते H14, सहा. दोन ओळी, एकामागे एक, एक ठोकळा. या ठोकळ्यात कोणीही कोणापासून चार-पाच खुर्च्यांच्या पलीकडे नाही. जागा अगदी मधोमध नव्हती, ओळीचा मध्य ९ आणि १० च्या बरोबर मधे येतो. पण सातव्या-आठव्या ओळीत दोन-अडीच खुर्च्या बाजूला बसल्याने फारसं बिघडत नाही. तेच पहिल्या तीन ओळींत बाजूला बसलात तर चित्र चक्क तिरकं दिसतं.

आता कोण कुठे? इथे मी एकच प्रश्न विचारते: कोणाला कोणाच्या *अगदी शेजारी* असायलाच हवं? सगळ्यांना सगळ्यांच्या शेजारी बसता येत नाही. आजीला आईच्या शेजारी. भाचीला तिच्या आईबाबांच्या मधे. भाच्याला कोणत्याही मोठ्या माणसाच्या शेजारी. बाकीचे कुठेही चालतात, फक्त रुसू नका.

G14, वाटेलगतची, आजीला. तिथे पाय लांब करता येतो आणि उठताना कोणाच्या गुडघ्यांवरून जावं लागत नाही. मग G13 आई, G12 बाबा, G11 मावशी, G10 काका. काकांच्या पलीकडे G9 वर अनोळखी माणूस येणार, आणि काकांना त्याचं काही नाही, उलट ते त्याच्याशी गप्पाच मारतील. मागे H14 वाटेलगत दादा, H13 भाची, H12 वहिनी, H11 भाचा, H10 मी, H9 नवरा. म्हणजे दोन्ही मुलांच्या दोन्ही बाजूंना घरचीच माणसं. भाचीला मध्येच शू लागली तर दादा तिला घेऊन सरळ वाटेत. आणि एक गोष्ट मला स्वतःला फार आवडली: मुलांच्या पुढच्या खुर्च्यांवर घरचेच लोक आहेत. चार वर्षांचं मूल पुढच्या खुर्चीला लाथा मारतंच. त्या लाथा आईच्या पाठीला बसल्या, तर ती मागे वळून फक्त हसते.

H मध्ये मी H9 का घेतली, H10 पासून पुढे चालवून दुसरी एखादी G15 का नाही घेतली, असं मावशीने विचारलं. H8 गेलेली होती. मी H10 पासून घेतल्या असत्या तर H9 एकटीच मधे उरली असती. अशी एकटी सीट मधे सोडायला काही थिएटरांची यंत्रणा परवानगीच देत नाही, पैसे भरायच्या आधी अडवते. स्क्रीनशॉटवर बोट ठेवून ठरवताना हे ध्यानात येत नाही. म्हणून ठोकळा आखला की त्याच्या दोन्ही टोकांना एकटी रिकामी खुर्ची उरत नाही ना, एवढं बघायचं.

पायऱ्यांचं काय केलं? त्या हॉलमध्ये आम्ही आधी गेलो होतो. दार खाली, १४-१५ च्या वाटेच्या बाजूला, आणि दर ओळीला दोन पायऱ्या. म्हणजे G पर्यंत बारा, J पर्यंत सोळा. बारा पायऱ्या आजी कठड्याला धरून, थांबत थांबत चढते. हॉल माहीत नसेल तर थिएटरच्या तिकीट खिडकीवर विचारा: "ऑडी तीनचं दार खाली आहे की वर, आणि कोणत्या बाजूला?" आणि बाजू ऐकताना सावध राहा. पडदा नकाशाच्या खाली असेल तर नकाशातली उजवी बाजू म्हणजे खुर्चीत बसल्यावर तुमची डावी. तिथला माणूस "डावीकडे" म्हणतो ते पडद्याकडे तोंड करून की आत शिरताना, हे विचारून घ्या.

आता प्रत्यक्ष बुकिंग. 'बुक माय शो'वर एका वेळी दहाच तिकिटं काढता येतात. आम्ही अकरा. बहुतेक लोक दहा आणि एक असं करतात, आणि तो एक कुठेतरी लांब फेकला जातो. आम्ही मुद्दाम पाच आणि सहा असं केलं. G ची पाच मी काढली, H ची सहा दादाने, दोघं फोनवर बोलत, एकाच वेळी. यामागे एक विचार होता. समजा एक बुकिंग फसलं आणि मधल्या वेळात त्या सीटा गेल्या, तर उरलेला गट आपल्या पायावर उभा राहायला हवा. G मध्ये आजी आणि बाबा होते, पण आई आणि धडधाकट काकाही होते. H मध्ये मुलं आणि त्यांचे आईबाप. कोणताही गट वेगळा पडला असता तरी अडलं नसतं.

संख्या निवडली की एका खुर्चीवर बोट ठेवताच अ‍ॅप स्वतःच शेजारच्या तेवढ्या खुर्च्या उचलतं. वाट आली की थांबतं, आणि उरलेल्या तुम्हाला दुसरीकडे निवडाव्या लागतात. त्यामुळे हिरव्या झालेल्या खुर्च्या प्रत्येक वेळी मोजा आणि नंबर मोठ्याने वाचा.

एवढं ठरवूनही गोंधळ झालाच. मी पैसे भरायच्या पानावर होते आणि दादा फोनवर ओरडला, "अगं गेल्या! G च्या सगळ्या गेल्या, राखाडी झाल्या!" मलाही क्षणभर धस्स झालं. त्या मीच धरून ठेवल्या होत्या. पैसे भरेपर्यंत काही मिनिटं त्या सीटा तुमच्या नावावर अडवलेल्या असतात आणि बाकीच्यांना विकल्यासारख्या दिसतात. अशा वेळी घाबरून मागे गेलात तर त्या लगेच सुटतीलच असं नाही. तेव्हा आधी विचारा, "तुझ्याकडे आहेत का?", मग ओरडा. याचीच दुसरी बाजू म्हणजे, कोणी सीटा निवडलेल्या अवस्थेतच स्क्रीनशॉट काढून पाठवला, तर त्या मिळाल्यात असं समजू नका. तिकिटाचा मेसेज येईपर्यंत काहीही मिळालेलं नसतं.

आणि वेळ. स्क्रीनशॉट म्हणजे त्या क्षणाचा फोटो. रविवारच्या खेळासाठी गुरुवारी रात्री काढलेला फोटो तासभर टिकेल. रविवारी सकाळी काढलेला पाच मिनिटंही टिकणार नाही. फोनच्या वरच्या पट्टीतली वेळ फोटोत राहू द्या, म्हणजे अर्ध्या तासाने उत्तर देणाऱ्या काकांना कळेल की हा फोटो शिळा झालाय. आम्ही आता ग्रुपवर नकाशा टाकून मतं मागवतच नाही. आधी फक्त एवढंच विचारतो: किती जण, कोणाची मान, कोणाचे गुडघे, कोणाला वाट हवी. ही उत्तरं आली की एकच जण नकाशा उघडतो, आणि स्क्रीनशॉट टाकतो तो नंतर, कोण कुठे बसणार हे खुर्च्यांवर बोटाने लिहून.

रविवारी आजी बारा पायऱ्या चढून G14 वर बसली. आजूबाजूला बघून म्हणाली, "मागची मिळाली वाटतं तिकिटं?" मी म्हटलं, "हो गं आजी, पुढची संपली होती." मध्यंतरात भाची H13 वरून उठली, वाटेतून खाली उतरून आजीच्या मांडीवर गेली, आणि आजीचे पाय अवघडतील म्हणून पाच मिनिटांनी आईच्या. मग आई मागे दादाशेजारी H13 वर जाऊन बसली आणि G13 भाचीला मिळाली. खुर्च्यांची अदलाबदल झाली, पण एकाही अनोळखी माणसाला उठवावं लागलं नाही.